पंपिंग साठ टक्के, तरीही धाप

एकाच सकाळी, एकाच ओपीडीत दोन रुग्ण आले आहेत असं समजू. पहिला ५४ वर्षांचा रिक्षाचालक. चार महिन्यांपूर्वी त्याला मोठा हार्ट अ‍ॅटॅक आला होता आणि छातीत दुखायला लागल्यापासून इस्पितळात पोचेपर्यंत नऊ तास गेले होते. दुसऱ्या ६८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. वीस वर्षं बीपी, बारा वर्षं मधुमेह, मधूनमधून अनियमित होणारे ठोके, दुखरे गुडघे. दोघांची तक्रार मात्र जवळजवळ सारखीच आहे. एक मजला चढला की धाप लागते, रात्री सपाट झोपलं की श्वास कोंडतो म्हणून दोन उशा लागतात, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं की खळगा राहतो.

दोघांचाही टूडी एको होतो. रिक्षाचालकाचा ईएफ २८ टक्के निघतो, बाईंचा ६०. पहिल्याच्या घरी काळजी पसरते आणि उपचार लगेच सुरू होतात. बाईंना सांगितलं जातं की हार्टचं पंपिंग उत्तम आहे. वय झालं, वजन थोडं कमी करा. त्या रिपोर्ट पिशवीत घालून घरी जातात आणि सहा आठवड्यांनी रात्री दोन वाजता फुप्फुसात पाणी भरून आयसीयूत येतात.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागतं तेवढं रक्त हृदय पुरवू शकत नाही, किंवा ते पुरवण्यासाठी त्याच्या आतला दाब नको तितका वाढतो, अशी ती अवस्था असते. बाईंना ती नक्की झाली होती. रिपोर्ट खोटा नव्हता. त्यातला साठ हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढाच प्रश्न होता.

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाचा डावा खालचा कप्पा पूर्ण भरलेला असताना त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं, त्याचं हे प्रमाण. निरोगी माणसातही ते शंभर नसतं. साधारण ५५ ते ७० टक्के असतं. म्हणजे साठ टक्के हे परीक्षेतले साठ टक्के नव्हेत. आता या दोघांचं गणित मांडून पाहू. रिक्षाचालकाचा कप्पा अ‍ॅटॅकनंतर ताणून मोठा झाला आहे. तो भरला की त्यात २०० मिलिलिटर रक्त मावतं आणि ठोक्याला ५६ मिलिलिटर बाहेर पडतं. म्हणून २८ टक्के. बाईंचा कप्पा लहान आणि जाड भिंतींचा आहे. त्यात ८० मिलिलिटर मावतं आणि ४८ बाहेर पडतं. म्हणून ६० टक्के.

जरा थांबून हे आकडे पुन्हा पाहावेत असे आहेत. ज्याचं पंपिंग ‘खराब’ आहे तो दर ठोक्याला ५६ मिलिलिटर रक्त पाठवतो आहे आणि जिचं ‘उत्तम’ आहे ती ४८. टक्केवारी कशाची, हे न विचारता ती वाचली की अशी फसगत होते.

डॉक्टर मंडळी या आजाराचे गट याच आकड्यावर पाडतात. ईएफ ४० किंवा त्याखाली असेल तर घटलेल्या ईएफचं हार्ट फेल्युअर, ५० किंवा त्यावर असेल तर टिकलेल्या ईएफचं, आणि ४१ ते ४९ हा मधला पट्टा. या रेषा सोयीच्या आहेत, निसर्गाने आखलेल्या नाहीत. एको करणारे दोन तज्ज्ञ एकाच हृदयाचा ईएफ पाच-सात टक्क्यांच्या फरकाने सहज देऊ शकतात. त्यामुळे मागच्या वेळी ४२ आणि या वेळी ३८ आला, एवढ्यावरून हृदय बिघडलं असं म्हणता येत नाही. दोन टोकांचे आजार मात्र खरोखरच वेगळे आहेत.

रिक्षाचालकाच्या हृदयात काय घडलं ते आधी पाहू. नऊ तास रक्त न मिळाल्यामुळे पुढच्या भिंतीचा मोठा भाग मेला आणि तिथे वण तयार झाला. वण आकुंचन पावत नाही. बाहेर पडणारं रक्त घटलं आणि ते मूत्रपिंडांना जाणवलं. मूत्रपिंडांना कारण कळत नाही. रक्तस्राव झाला असावा अशा समजुतीने ती वागतात. ती रेनिन सोडतात, त्यातून अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन वाढतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मीठ आणि पाणी शरीरात राखून ठेवलं जातं. जोडीला अ‍ॅड्रिनलिन वर्गातली संप्रेरकं ठोके वाढवतात. जखमी माणसाचा जीव काही तास वाचवायला ही व्यवस्था उत्तम आहे. पण ती महिनोन् महिने चालू राहिली तर उरलेल्या चांगल्या स्नायूवरही ताण येतो, कप्पा आणखी ताणतो, भिंत पातळ होते, रक्त आणखी कमी बाहेर पडतं आणि मूत्रपिंडं आणखी जोर लावतात.

हे चक्र तोडायचं कसं, हे कळायला पन्नासेक वर्षं लागली. १९७५ साली स्वीडनमधल्या गोटेबोर्गच्या फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयस्नायू कमकुवत झालेल्या सात रुग्णांना बीटा ब्लॉकर दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. हे औषध हृदयाचा जोर आणि वेग कमी करतं. आधीच थकलेल्या हृदयाला ते देणं त्या काळी घातक मानलं जाई. रुग्ण सुधारले, तरी वैद्यकविश्वाला पटायला आणखी दोन दशकं गेली. नव्वदच्या दशकात मोठ्या चाचण्यांनी हे औषध आयुष्य वाढवतं असं दाखवलं. तोवर अँजिओटेन्सिन रोखणाऱ्या एनालाप्रिलने आपली ताकद सिद्ध केली होती. १९८७ सालच्या एका चाचणीत अतिशय गंभीर रुग्णांपैकी नुसत्या नेहमीच्या उपचारांवरचे ४४ टक्के सहा महिन्यांत दगावले, एनालाप्रिल घेणाऱ्यांतले २६ टक्के. १९९९ मध्ये अल्डोस्टेरॉन अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यूचा धोका आणखी ३० टक्क्यांनी खाली आणला. २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल आणि व्हल्सार्टनची जोडगोळी एनालाप्रिलपेक्षा सरस ठरली. २०१९ मध्ये मधुमेहाचं डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही वाचवतं असं दिसलं.

म्हणून आज रिक्षाचालकाच्या चिठ्ठीवर चार औषधं आहेत: सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन. सूज उतरवायला लघवीची गोळीही आहे, पण ती त्रास कमी करण्यापुरती. हृदयाचा आकार सुधारतात त्या या चार. मेटोप्रोलॉल २५ मिलिग्रॅमवर सुरू होऊन साधारण दर दोन आठवड्यांनी दुप्पट होत जाईल. त्याचा वरचा बीपी १०४ आहे, म्हणून घरचे घाबरून गोळी चुकवतात. चक्कर येत नसेल, लघवी नीट होत असेल, तर १०४ हा त्याच्यासाठी चालणारा आकडा आहे. रक्तातलं पोटॅशियम मात्र सुरू केल्यापासून आठवड्याभरात आणि नंतरही ठरावीक अंतराने तपासावंच लागतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि व्हल्सार्टन दोन्ही ते वाढवतात, आणि ५.५ च्या वर गेलं तर औषध कमी करावं लागतं. ‘हार्टला चांगलं’ म्हणून रोज शहाळं पिणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी, कारण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं.

तीन महिने पुरेशा मात्रेत औषधं घेऊनही ईएफ ३५ किंवा त्याखाली राहिला, तर अचानक घातक ताल सुरू झाल्यास झटका देऊन तो थांबवणारं यंत्र छातीत बसवण्याचा विचार होतो. ईसीजीत डाव्या बाजूची विद्युतवाहिनी अडलेली दिसली तर दोन्ही बाजू एकत्र आकुंचन पावतील असा खास पेसमेकर उपयोगी पडतो. या सगळ्या निर्णयांना ईएफचा आकडा वाट दाखवतो.

बाईंच्या बाबतीत तो आकडा मुका आहे. त्यांचं हृदय दाबलं जाण्यात नव्हे, सैल होण्यात कमी पडतं. सुकून ताठरलेली चामड्याची मोट विहिरीत सोडली तर ती अर्धवटच भरते. वर येऊन सगळी रिकामी झाली तरी पाटात पाणी थोडंच पडतं. वीस वर्षांच्या बीपीविरुद्ध झुंजून त्यांच्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे. मधुमेह आणि पोटाभोवतीची चरबी यांमुळे शरीरात सौम्य पण कायमचा दाह राहतो. तो हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बाधतो, तिथलं नायट्रिक ऑक्साइड घटतं, आणि स्नायूपेशींना स्प्रिंगसारखा लवचीकपणा देणारं टायटिन नावाचं प्रथिन कडक होतं. पेशींच्या मधल्या जागेत तंतूही साचतात. २०१३ च्या सुमारास वॉल्टर पॉलस आणि कार्स्टन त्शोपे यांनी ही साखळी मांडली. तोवर अनेकांना हा आजार म्हणजे केवळ बीपीचा परिणाम वाटत होता.

अशा ताठर कप्प्यात रक्त भरायचं तर जास्त दाब लागतो. तो दाब मागे वरच्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसांत पोचतो. बसल्या जागी हे भागून जातं. चालायला लागलं की ठोके वाढतात, दोन ठोक्यांमधली भरण्याची वेळ कमी होते आणि फुप्फुसांतला दाब काही मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. म्हणून बाई खुर्चीत ठीक असतात आणि पहिल्या मजल्यावर बेजार. त्यात ठोके अनियमित झाले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं, की वरच्या कप्प्याचा शेवटचा धक्काही नाहीसा होतो. ताठर हृदय भरण्यासाठी त्याच धक्क्यावर अवलंबून असतं. बाईंची आयसीयूची रात्र बहुधा अशीच सुरू झाली असणार.

हा आजार बाईंच्या पहिल्याच भेटीत ओळखता आला असता का? बव्हंशी हो, आणि तेही महागड्या तपासणीविना. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये एक साधी गुणपद्धत दिली. एट्रियल फिब्रिलेशनला ३ गुण, बीएमआय ३० च्या वर असेल तर २, बीपीची दोन किंवा अधिक औषधं चालू असतील तर १, वय साठच्या वर असेल तर १, आणि एकोमधल्या दोन मापांना एकेक: फुप्फुसाच्या धमनीतला दाब ३५ च्या वर आणि ई बाय ई प्राइम हे भरणदाबाचं गुणोत्तर ९ च्या वर. बाईंचा बीएमआय २९ आहे, म्हणून तिथे शून्य. बाकी सगळे मिळून ७. सहा किंवा त्याहून जास्त गुण असतील तर धापेचं कारण हेच असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. भारतीय शरीरांत कमी वजनालाही पोटाची चरबी जास्त असते, त्यामुळे तिशीच्या रेषेखाली मिळालेलं ते शून्य फार आश्वासक मानू नये.

म्हणजे सगळी माहिती त्या पिशवीत होती. एकोच्या कागदावर दाब ४२ आणि गुणोत्तर १४ छापलेलं होतं. नजर ६० वर थांबली. पायांची सूज बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनमुळे आहे असं वाटलं, कारण त्या गोळीने घोटे सुजतातही. बीएनपी वर्गातली रक्तचाचणी केली असती तरी सावधपणे वाचावी लागली असती, कारण लठ्ठ व्यक्तींत तिचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी येतो. शंका उरलीच तर सायकल चालवता चालवता हृदयात नळी घालून दाब मोजता येतो. ही खात्रीची परीक्षा आहे, पण मोजक्याच केंद्रांत होते.

निदान झाल्यावर ओघानेच प्रश्न येतो की रिक्षाचालकाला वाचवणारी चार औषधं बाईंनाही का देऊ नयेत. संशोधकांनाही हेच वाटलं होतं, आणि जवळजवळ वीस वर्षं त्यांच्या हाती निराशा आली. अँजिओटेन्सिन रोखणारी औषधं एकामागून एक चाचण्यांत अपुरी पडली. तर्काने पाहिलं तर ते समजतं: रिक्षाचालकाच्या आजाराचं इंजिन म्हणजे ती संप्रेरकं; बाईंच्या आजाराची मुळं दाह, चरबी आणि ताठरपणात आहेत. नायट्रेटच्या गोळ्यांनी तर रुग्णांची दिवसभरातली हालचाल उलट घटली.

स्पायरोनोलॅक्टोनची कथा अधिक चटका लावणारी आहे. सहा देशांतल्या ३,४४५ रुग्णांवरची टॉपकॅट ही चाचणी २०१४ मध्ये निष्फळ जाहीर झाली. मग लक्षात आलं की अमेरिका खंडांतल्या रुग्णांना फायदा झाल्यासारखा दिसतो. रशिया आणि जॉर्जियातल्या रुग्णांना मात्र काहीच नाही, आणि तिथले रुग्ण औषधाशिवायही फारसे आजारी पडलेच नव्हते. २०१७ मध्ये साठवलेले रक्ताचे नमुने तपासले गेले. औषध घेतो असं सांगणाऱ्या रशियातल्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या रक्तात औषधाचा मागमूसच नव्हता. अमेरिका-कॅनडात हे प्रमाण ३ टक्के होतं. एवढ्या मोठ्या चाचणीचं उत्तर अशा रीतीने गढूळ झालं, आणि त्याची किंमत जगभरच्या रुग्णांनी मोजली.

कोंडी फुटली २०२१ मध्ये. एम्पाग्लिफ्लोझिनने टिकलेल्या ईएफच्या रुग्णांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचा एकत्रित धोका २१ टक्क्यांनी घटवला. पुढच्या वर्षी डॅपाग्लिफ्लोझिनने १८ टक्क्यांचा फायदा दाखवला. यातला बहुतेक फायदा इस्पितळाच्या वाऱ्या टळण्याचा आहे. आयुष्य वाढल्याचा पुरावा रिक्षाचालकाच्या गटाइतका ठोस नाही, आणि हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं. २०२४ मध्ये स्पायरोनोलॅक्टोनच्याच कुळातल्या फिनेरेनोनने १६ टक्क्यांचा फायदा दिला. त्याआधी, २०२३ मध्ये सेमाग्लुटाइडची साप्ताहिक इंजेक्शनं घेणाऱ्या लठ्ठ रुग्णांचं वजन वर्षभरात १३ टक्क्यांनी उतरलं, धाप कमी झाली आणि सहा मिनिटांत ते वीसेक मीटर जास्त चालू लागले. त्या चाचणीत बीएमआय किमान ३० लागत होता, त्यामुळे बाईंना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

बाईंच्या चिठ्ठीवर आता डॅपाग्लिफ्लोझिन आहे, बीपीची औषधं नेमकी बसवली आहेत आणि अनियमित ठोक्यांमुळे गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. मेटोप्रोलॉल आहे, पण ठोके आवरण्यापुरतंच. रिक्षाचालकाला ते जमेल तितकं वाढवायचं. बाईंचे ठोके ५० वर आणून ठेवले तर चालताना वाढायला जागा उरत नाही आणि धाप वाढते. त्यांना डिल्टियाझेमही चाललं असतं. तीच गोळी रिक्षाचालकाला धोक्याची, कारण ती कमकुवत स्नायूचा जोर आणखी काढून घेते. लघवीच्या गोळीचं गणितही वेगळं. ताठर कप्प्यात थोडंसं पाणी जास्त झालं तरी दाब उसळतो आणि थोडं कमी झालं तरी बीपी कोसळतं, म्हणून त्यांची मात्रा अर्ध्या-अर्ध्या गोळीने हलवावी लागते. गुडघ्यांसाठी केमिस्टकडून आणलेलं डायक्लोफिनॅक दोघांनाही वर्ज्य आहे. ते मीठ-पाणी अडवतं आणि मूत्रपिंडांवर घाला घालतं. डॅपाग्लिफ्लोझिन चालू असताना लघवीच्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते. उलट्या-जुलाब झाले किंवा निर्जळी उपास करायचा असला तर ती गोळी त्या काळात थांबवायची का, हे आधीच विचारून ठेवावं.

टिकलेल्या ईएफच्या गर्दीत एक वेगळाच आजार लपलेला असतो: अमायलॉइड. ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन बिघडून हृदयाच्या भिंतीत साचतं. एकोत भिंत जाड दिसते, पण ईसीजीतल्या रेषा मात्र खुज्या. आणि अशा रुग्णाच्या दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालेलं असू शकतं. अशा वेळी खास स्कॅन आणि रक्तचाचण्या कराव्या लागतात, कारण त्यावर टॅफामिडिससारखी स्वतंत्र औषधं आहेत.

भारतात इस्पितळात येणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत रिक्षाचालकासारखे जास्त दिसतात. दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीत सुमारे ७२ टक्क्यांच्या आजाराचं मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकारात होतं. घटलेल्या ईएफच्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांना घरी जाताना मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे औषधं मिळाली होती. किमतीचं कारण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनच्याही आल्या.

वर्षभराने रिक्षाचालकाचा ईएफ २८ वरून ४५ वर गेला, तर तो विचारेल की आता गोळ्या थांबवू का. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये हेच तपासलं गेलं. ते रुग्ण अ‍ॅटॅकचे नव्हते. त्यांचं हृदय दुसऱ्या कारणाने फुगलं होतं आणि पूर्ण सुधारलं होतं. तरीही औषधं थांबवलेल्यांपैकी ४४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत उलटला. वण उरलेल्या रिक्षाचालकाला तर थांबवण्याचा सल्ला कुणी देणार नाही. बाईंचा ईएफ वर्षानंतरही साठच असेल. आजार बरा झाला काय, वाढला काय, तो हलणार नाही. म्हणून त्यांना वही दिली आहे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन लिहायचं, किती उशा लागल्या ते लिहायचं आणि जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबावं लागलं तेही. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करायचा.